स्वस्त पुस्तक आणि परतीचा हक्क

गेल्या अंकातील ‘स्वस्त मागवले, तर तक्रार कसली?’ हे पत्र विद्यार्थ्यांवर अन्याय करते. किंमत कमी असली म्हणून बनावट प्रत खपवण्याचा परवाना विक्रेत्याला मिळत नाही. ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांनुसार सदोष, बनावट किंवा जाहिरातीतल्या वर्णनाशी न जुळणारा माल परत घेणे किंवा पैसे परत करणे विक्रेत्याला नाकारता येत नाही.

एनसीईआरटीचे सहावीचे विज्ञानाचे पुस्तक घ्या. 2024 मध्ये ‘क्युरिऑसिटी’ हे नवे पुस्तक आले. ते मागवले आणि जुने ‘सायन्स’ हाती पडले, तर शीर्षकच पुरावा ठरते. बनावट प्रत ओळखायला मात्र पान उजेडासमोर धरावे लागते. अस्सल कागदात एनसीईआरटीचे जलचिन्ह दिसते. नकली प्रतीत ते बहुधा नसते, आकृत्याही पुसट असतात.

पुस्तकावर नाव घालण्याआधीच हे तपासावे, कारण परतीची मुदत थोड्या दिवसांची असते. विक्रीच्या पानाचा स्क्रीनशॉट, बिल आणि दोषाचे फोटो जोडून लेखी तक्रार करावी. पानावर ‘जुनी आवृत्ती’ असे स्पष्ट लिहिलेले असेल, तर दावा लंगडा पडतो. बनावट प्रतीबद्दल बदली न मागता पैसेच मागणे शहाणपणाचे. त्याच विक्रेत्याकडून पुन्हा तसलीच प्रत येण्याचा धोका असतो.

दाद न मिळाल्यास संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहावे. त्याने 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण देणे बंधनकारक आहे. तरीही टाळाटाळ झाली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915.