‘गुनाह नाही’ म्हणजे नेमकं काय?

आमच्या खालाचं उमऱ्याला जायचं ठरलं. गुडघे दुखतात, म्हणून सफा-मरवाच्या सात फेऱ्यांची तिला काळजी होती. कॉलेजात शिकणारा तिचा भाचा कुरआनचा मराठी अनुवाद घेऊन आला आणि म्हणाला, “खाला, हे बघा. जो हज किंवा उमरा करतो, त्याने या दोन टेकड्यांच्या फेऱ्या केल्या तर गुनाह नाही, असं इथे आहे. म्हणजे सई मर्जीची गोष्ट झाली.” खालाने माझ्याकडे पाहिलं. “तू शिकवतेस ना, बेटा? तूच सांग.”

आयत आहे सूरह अल-बकराची, १५८ वी. तिच्या सुरुवातीला सफा आणि मरवा या अल्लाहच्या निशाण्या आहेत, असं सांगितलं आहे आणि मग हे ‘गुनाह नाही’ येतं. अनुवादात चूक नव्हती. तरीही भाच्याने काढलेला अर्थ चुकीचा होता, आणि अशी चूक करणारा तो पहिला नव्हता.

हजरत उर्वा बिन जुबैर (रह.) यांनी तरुणपणी हाच अर्थ लावला होता. अरबी त्यांची मातृभाषा. त्यांनी आपल्या खालाला, म्हणजे हजरत आयेशा (रजि.) यांना, याबद्दल विचारलं. बुखारी शरीफमध्ये ही हकीकत आहे. त्यांनी आधी वाक्याकडे लक्ष वेधलं. तसा अर्थ असता, तर फेऱ्या ‘न करण्यात’ गुनाह नाही, असे शब्द आले असते. आयतीत मात्र ‘करण्यात’ गुनाह नाही, असं आहे.

मराठीत पाहा. तापात पाणी प्यायचं नसतं, असं घरच्यांनी एखाद्याच्या मनात भरवलं आहे. डॉक्टर त्याला सांगतात, “पाणी प्यायला हरकत नाही.” याचा अर्थ ‘पाणी नाही प्यायलं तरी चालेल’ असा होत नाही. डॉक्टरांनी त्याची भीती काढली आहे. पण ती भीती ज्याला ठाऊक नाही, तो वाक्याचा भलताच अर्थ करील.

मग आयतीच्या पहिल्या श्रोत्यांना कसली भीती होती? हजरत आयेशा (रजि.) यांनी पुढे तेच सांगितलं. मदिनेचे अन्सार इस्लामपूर्वी ‘मनात’ या मूर्तीच्या नावाने इहराम बांधत. तिचं ठिकाण मक्का-मदिनेच्या दरम्यान, कुदैदजवळ मुशल्लल इथे होतं. अशा इहरामात सफा-मरवाच्या फेऱ्या करणं ते पाप समजत. इस्लाम स्वीकारल्यावर त्यांनी ही शंका प्रेषित मुहम्मद (स.) यांना विचारली, तेव्हा आयत उतरली.

हजरत अनस (रजि.) यांची हदीस थोडी वेगळी आहे. या फेऱ्या अज्ञानकाळातली प्रथा वाटत असल्यामुळे लोक कचरत होते, असं ते सांगतात. इसाफ आणि नाइला या मूर्ती तेव्हा या टेकड्यांवर होत्या, असंही काही रिवायतींत येतं. अबू बकर बिन अब्दुर्रहमान या मदिनेच्या विद्वानांनी हजरत आयेशांचं म्हणणं ऐकलं, तेव्हा त्याला इल्म म्हणून दाद दिली आणि आयत दोन्ही गटांसाठी असावी, असं मत दिलं. कारण दोन्ही रिवायतींत संकोच आहे तो फेऱ्या ‘करण्याचा’. न करण्याची सवलत कोणी मागितलेली नाही.

आयतीमागच्या घटनेला ‘शाने-नुजूल’ म्हणतात. पण तिथेही जपून वाचावं लागतं. ‘ही आयत अमुक लोकांबद्दल आहे’ एवढंच रिवायतीत असेल, तर कधी कधी त्याचा अर्थ ‘ती त्यांनाही लागू होते’ इतकाच असतो. ‘असं घडलं, लोकांनी विचारलं, मग आयत उतरली’ असा क्रम स्पष्ट असेल, तर ते कारण अधिक भक्कम. आणि कारण कळलं म्हणून हुकूम त्या लोकांपुरताच उरत नाही. अन्सारांची भीती गेली, सई आजही आहे.

शेवटची पडताळणी प्रेषितांच्या (स.) आचरणावरून होते. त्यांनी स्वतः सई केली आणि सफापासून सुरुवात केली. पार्श्वभूमीवरून लावलेला अर्थ आणि हे आचरण एकमेकांशी जुळतात. सईचा दर्जा कोणता, यावर मात्र इमामांत मतभेद आहेत. हनफी मसलकात ती वाजिब आहे. कोकणातले आपले बरेच लोक शाफई आहेत, त्यांच्याकडे ती रुक्न आहे, म्हणजे तिच्याशिवाय उमरा पूर्णच होत नाही. ही आयत एकटी वाचून हा फरक कळणार नाही, त्यासाठी आलिमांनाच विचारावं लागतं.

भाच्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग खालाच्या गुडघ्यांचं काय?” ज्याला चालवत नाही, त्याने व्हीलचेअरवर बसून सई केली तरी ती होते. खालाने सुटकेचा श्वास सोडला आणि त्याला म्हणाली, “चल, मग व्हीलचेअरची चौकशी तूच कर.”