साठ हजार की सदतीस?

चाकणच्या एका कारखान्यात ठेकेदारामार्फत लागलेल्या हेल्परने कामगार आयुक्तांच्या नावे लिहिलेला अर्ज परवा माझ्यापुढे आला. दोन पानं, पाठपोट. ‘महोदय, मी गरीब माणूस आहे’ इथून सुरुवात, मग मुलीची फी, घरमालकाचा तगादा, सुपरवायझरची शिवीगाळ आणि शेवटी ‘तीन महिन्यांचे साठ हजार बुडवणाऱ्या या चोराला धडा शिकवा’. त्यातला त्रास खराच होता. पण अधिकाऱ्याला नोटीस काढायची असते, आणि ती कोणाच्या नावाने काढायची हेच कागदावर नव्हतं. होता फक्त सुपरवायझर, तोही ‘आमचे बापू’ म्हणून.

म्हणून आधी मालक शोधला. हेल्परला वाटत होतं आपण कंपनीत कामाला आहोत. गळ्यातल्या ओळखपत्रावर मात्र ठेकेदाराच्या फर्मचं नाव, आणि मोबाईलवर पीएफचं पासबुक उघडलं तर तिथेही तेच. अर्जात दोघांनाही घेतलं: सामनेवाला क्रमांक एक ठेकेदार, दोन कंपनी, दोघांचे पूर्ण पत्ते. ठेकेदाराने पगार दिला नाही, तर ज्याच्या आस्थापनेत काम झालं त्याच्यावर जबाबदारी येते. ठेकेदार फोन बंद करून गाव बदलू शकतो. कारखान्याला शेड उचलून नेता येत नाही.

मग आकडा. ‘तीन महिने’ म्हणजे कोणते, असं विचारल्यावर निघालं जानेवारी, फेब्रुवारी आणि अर्धा मार्च २०२६. रोज सातशे रुपये. गुरुवारची सुटी वगळून आणि २६ जानेवारीची पगारी सुटी धरून जानेवारीचे २६ दिवस. फेब्रुवारीत दोन दिवस तापामुळे खाडा, म्हणून २२. १५ मार्चला गेटवर अडवलं, तोवरचे १२. एकूण ६० दिवस, ४२,००० रुपये. आता खरी अडचण आली. बँकेच्या पासबुकात १८ फेब्रुवारीला ठेकेदाराकडून पाच हजार जमा दिसत होते. ‘ती उचल होती, ती कशाला लिहायची?’ तो म्हणाला.

लिहायचीच. आपण लपवलेले पाच हजार पहिल्या तारखेलाच समोरचा पासबुकाच्या उताऱ्यासकट पुढे करतो, आणि मग उरलेल्या सदतीस हजारांवरही संशय येतो. साठ हजार त्याने तीन महिन्यांना वीस-वीस धरून अंदाजाने लिहिले होते. नव्या अर्जात महिना, दिवस, दर, देय रक्कम, मिळालेली रक्कम असा छोटा तक्ता केला आणि खाली लिहिलं: बाकी ३७,००० रुपये, कायदेशीर कपातीआधीची.

तारखांनाही त्यामुळे अर्थ आला. वेतन संहिता, २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. तिच्याप्रमाणे मासिक पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत व्हायला हवा, आणि कामावरून काढलं तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब चुकता करायला हवा. म्हणजे जानेवारीचा पगार ७ फेब्रुवारी उलटताच थकला, फेब्रुवारीचा ७ मार्च उलटताच. दाव्याला मुदत तीन वर्षांची आहे, पण थांबण्यात शहाणपण नाही. हजेरी माहीत असलेली माणसं तोवर दुसऱ्या ठेक्यावर गेलेली असतात.

सगळ्यात अवघड गेलं ते ‘चोर’ काढणं. त्याला वाटलं मी ठेकेदाराची बाजू घेतोय. मी विचारलं, त्याने नेमकं काय केलं? तेव्हा त्याने मोबाईल काढून मेसेज दाखवला: ‘पुढच्या सोमवारी नक्की टाकतो.’ तारीख ९ मार्च. अर्जात वाक्य गेलं ते असं: ‘दि. ९ मार्च २०२६ रोजी सामनेवाला क्र. १ यांनी मेसेजद्वारे थकीत पगार पुढील सोमवारी देण्याचे कबूल केले. ती रक्कम मिळालेली नाही.’ पैसे देणं आहे हे ठेकेदाराने आपल्याच हाताने लिहून दिलेलं होतं. शिवी घातली असती तर ते वाक्य तिच्याखाली दबलं असतं. शिवीगाळीची तारीखही आठवत नव्हती आणि साक्षीदारही नव्हता, म्हणून ती गाळली. मुलीची फी त्याला हवीच होती. ती शेवटच्या परिच्छेदात, लवकर सुनावणी मिळावी या विनंतीला जोडून एका ओळीत ठेवली.

अर्ज एका पानावर बसला. सोबत ओळखपत्र, पीएफचं व बँकेचं पासबुक आणि मेसेज यांच्या प्रती, प्रत्येकीवर क्रमांक. मूळ कागद एकही द्यायचा नाही, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही, हे त्याला दोनदा बजावलं.

पगार दिला हे सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो. ठेकेदार त्यामुळे बहुधा ‘पैसे दिले’ म्हणणार नाही, ‘हा आमच्याकडे नव्हताच’ म्हणेल. म्हणून पीएफच्या पासबुकाला परिशिष्ट क्रमांक एक दिला आहे. जानेवारीची वर्गणी ठेकेदाराने त्याच्या नावावर भरलेली त्यात दिसते.