शैली पालटली म्हणजे चोरीच काय?

विद्यार्थ्याचा एक निबंध साधा आणि पुढचा एकाएकीं भारदस्त उतरला, कीं शिक्षकांच्या मनांत शंका येते: हें लिखाण याचें स्वतःचें असेल काय? ही शंका निराधार आहे असें आम्ही म्हणत नाहीं. प्रत्येकाच्या लेखणीला कांहीं संवयी जडलेल्या असतात, व त्या बहुधा क्षुल्लक शब्दांत दडलेल्या असतात. कोणी 'पण' लिहितो, कोणी 'परंतु'. अमेरिकेंतील 'फेडरलिस्ट' लेखमालेंत हॅमिल्टन 'व्हाइल' लिही, तर मॅडिसन त्याच अर्थीं 'व्हिल्स्ट'. अशा शब्दांची गणना करून मोस्टेलर व वॉलेस यांनीं १९६४ सालीं बारा वादग्रस्त लेख मॅडिसनचे ठरविले.

परंतु त्या पंडितांपाशीं दोन्ही लेखकांचें हजारों शब्दांचें, एकाच प्रकारचें लिखाण होतें. शिक्षकांपाशीं असतात दोन वह्या, त्याहि निरनिराळ्या विषयांच्या.

आमच्या पाहण्यांतील एक गोष्ट सांगतों. एका मुलीनें प्रथम आजीस सहलीचें पत्र लिहिलें. त्यांतील वाक्यें सात-आठ शब्दांचीं होतीं. सुटीनंतर तिनें पाणीटंचाईवर निबंध लिहिला. त्यांत वीस-वीस शब्दांचीं वाक्यें, आणि 'तथापि', 'दुर्भिक्ष', 'अपरिहार्य' असे शब्द. निबंध दुसर्‍या कोणाचा ठरून तिला शून्य गुण मिळाले.

वस्तुतः येथें तुलनाच चुकली होती. पत्राची भाषा बोलण्याची, निबंधाची ग्रंथांतली. आणि विषय आपले शब्द बरोबर घेऊन येतो. शिवाय सुटीभर ती आजोबांना रोज अग्रलेख वाचून दाखवीत असे. नवा शब्द शिकलेलें मूल तो आरंभीं अंमळ जास्तच वापरतें. उलट, ज्याचे सर्वच निबंध पहिल्यापासून थोरला भाऊ लिहून देतो, त्याच्या शैलींत पालट दिसतच नाहीं. म्हणजे ही खूण शिकणार्‍याला पकडते आणि सराईताला सोडते!

पुढें दुसर्‍या एका बाईंनीं त्या मुलीला जवळ बोलावून विचारलें, "बाळ, 'तथापि'च्या जागीं 'म्हणून' घातलें तर चालेल काय?" ती म्हणाली, "नाहीं बाई, 'तथापि'नंतर उलट गोष्ट सांगायची असते." मग तिच्याकडून त्याच विषयावर एक परिच्छेद समोर बसवून लिहून घेतला. त्यांतहि तींच लांब वाक्यें आलीं, एकदोन अडखळलींहि. गुण परत मिळाले. पण मधले पंधरा दिवस वर्गांत ती 'नक्कल करणारी' म्हणून ओळखली गेली, ते दिवस कोण परत देणार?

शैलींतील पालट हें प्रश्न विचारण्याचें कारण आहे, निकाल देण्याचें नव्हे, असें आमचें स्पष्ट मत आहे. तुलना करावयाची तर निबंधाची निबंधाशींच, आणि वर्गांत लिहिलेल्याशीं करावी. पालकांसहि आमची विनंति आहे, कीं मुलाचा खाडाखोडीचा कच्चा खर्डा फेंकूं नये. स्वच्छ प्रतीपेक्षां ती खाडाखोडच त्याच्या बाजूनें अधिक खरी साक्ष देईल.