‘झटका’ म्हणजे नेमके काय?

आजारपणाचे कागद मराठीतून इंग्रजीत नेताना सर्वांत जास्त घोळ घालणारा शब्द कोणता, असे विचारले तर आम्ही ‘झटका’ हे नाव घेऊ. हृदयविकार झाला तरी झटका, अंगावरून वारे गेले तरी झटका आणि फिट आली तरी झटकाच. घरात उर्दू बोलणाऱ्यांचा ‘दौरा’ही असाच: दिल का दौरा आणि मिर्गी का दौरा. डॉक्टरांच्या लेखी मात्र हे तीन वेगळे आजार आहेत.

समजा, वडिलांची माहिती लिहायची आहे: ‘अब्बांना ३ वर्षांपूर्वी झटका आला. उजवा हात लुळा पडला, बोलणे अडखळू लागले.’ याचे कोणी पहिल्या पानावर ‘हार्ट अटॅक’ केले आणि दुसऱ्या पानावर ‘फिट’, तर वाचणाऱ्या डॉक्टरांना दोन निरनिराळे आजार दिसतील. खरे तर हात लुळा पडणे आणि वाचा अडखळणे ही मेंदूकडे बोट दाखवणारी लक्षणे आहेत. त्याला इंग्रजीत ‘स्ट्रोक’, मराठीत पक्षाघात किंवा लकवा आणि उर्दूत फालिज म्हणतात.

पण केवळ लक्षणांवरून आजाराचे नाव लिहू नये. आधी डिस्चार्ज कार्ड पाहावे. तिथे ‘सीव्हीए’ असेल तर स्ट्रोक, ‘एमआय’ असेल तर हार्ट अटॅक. मेंदूच्या सीटी स्कॅनच्या रिपोर्टात ‘इन्फार्क्ट’ असा शब्द असतो. हार्ट अटॅकच्या इंग्रजी नावातही तोच येतो, म्हणून अनेकजण इथे फसतात. इन्फार्क्ट म्हणजे रक्तपुरवठा तुटून मेलेला भाग. तो कोणत्या अवयवाचा, हे रिपोर्टच्या मथळ्यात पाहावे.

या फरकावर उपचार अवलंबून असतात. पुढे कधी हार्ट अटॅक आला आणि रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन द्यायचे ठरले, तर डॉक्टर आधी विचारतात: पूर्वी मेंदूत रक्तस्राव झाला होता का? झाला असेल तर ते इंजेक्शन टाळतात. आणि मेंदूतला तो रक्तस्राव कागदावर ‘हार्ट अटॅक’ म्हणून उतरला असेल, तर ही माहिती त्यांच्यापर्यंत पोचतच नाही.

म्हणून आम्ही सुचवतो की वहीत दोन रकाने आखावेत. डावीकडे डॉक्टरांचा शब्द, उजवीकडे आपण ठरवलेला एकच मराठी शब्द. ‘पक्षाघात’ ठरला की शेवटच्या पानापर्यंत पक्षाघातच. मध्येच लकवा किंवा झटका नको. शब्द पहिल्यांदा येईल तिथे ‘पक्षाघात, म्हणजे स्ट्रोक’ असे लिहावे. औषधांची नावे व मात्रा मूळ कागदावरून जशाच्या तशा उतरवाव्यात.

जुना कागद सापडलाच नाही तर? तेव्हा आजाराचे नाव न घालता घरच्यांचा ‘झटका’ अवतरणात ठेवावा आणि पुढे काय दिसले ते लिहावे: कोणता हात, किती वेळ, शुद्ध हरपली का. आजाराला नाव देण्याचे काम डॉक्टरांचे आहे.