अर्धा कायदा, पुरती शिक्षा

मोक्का लागला किंवा यूएपीए लागला, अशी बातमी आली की चहाच्या टपरीवर, सोसायटीच्या बैठकीत, अगदी वकिलांच्या खोलीतही एक वाक्य हमखास ऐकू येतं : "आता पाच वर्षं तरी बाहेर येत नाही." बोलणाऱ्याच्या आवाजात समाधान असतं. खटला उभा राहील का, पुरावा टिकेल का, निकाल काय लागेल, याची चौकशी कुणी करत नाही. अटकेलाच शिक्षा मानायची सवय आपल्याला लागली आहे. हा दोष कायद्याचा आहे, न्यायालयांचा आहे आणि सर्वांत जास्त आपला आहे.

साध्या गुन्ह्यात जामिनाचा अर्ज आला की न्यायाधीश मुख्यतः तीन गोष्टी पाहतात : माणूस पळून जाईल का, साक्षीदारांना धमकावेल का, पुन्हा गुन्हा करेल का. गुन्ह्याचं गांभीर्यही पाहिलं जातं. पण आरोपी दोषी आहे की नाही, हा प्रश्न खटल्यासाठी राखून ठेवलेला असतो. विशेष कायद्यांनी हाच प्रश्न उचलून जामिनाच्या दारात आणून ठेवला.

महाराष्ट्राने १९९९ साली मोक्का केला. त्यामागचं कारण खोटं नव्हतं. टोळ्या खंडणी घेत होत्या, दिवसाढवळ्या खून पाडत होत्या आणि साक्षीदार न्यायालयाच्या पायरीवरून माघारी फिरत होते. म्हणून कलम २१(४) मध्ये अट घातली गेली. सरकारी वकिलाने विरोध केला, तर आरोपी दोषी नाही आणि जामिनावर असताना तो गुन्हा करणार नाही, असं मानायला वाजवी आधार आहे अशी न्यायालयाची खात्री पटली पाहिजे. म्हणजे एकही साक्षीदार तपासला जाण्याआधी आरोपीने आपल्या निर्दोषत्वाची खात्री पटवायची, आणि पुढे आपल्या हातून गुन्हा घडणार नाही याचीही.

ही अट अक्षरशः घेतली तर जामीन कुणालाच मिळणार नाही. तेलगीच्या बनावट मुद्रांक प्रकरणात मुंबईचे माजी पोलीस आयुक्त रणजितसिंह शर्मा यांनाच मोक्का लागला, तेव्हा २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती माणसात आणली. जामिनाच्या टप्प्यावर आरोपी निर्दोष आहे असा निष्कर्ष काढण्याची गरज नाही, कागदपत्रांवरून ढोबळ शक्यता काय दिसते ते पाहावं, असं न्यायालयाने सांगितलं. पुढे कुठलाच गुन्हा करणार नाही, या अटीतला 'गुन्हा' म्हणजे याच कायद्याखालचा गुन्हा, असाही अर्थ लावला. हा निवाडा एका पोलीस आयुक्तामुळे आला, हे विसरू नये. त्याच कायद्याखाली आत बसलेल्या निनावी पोरांसाठी इतका बारकाईने युक्तिवाद करणारा वकील क्वचितच मिळतो.

यूएपीएची अट २६/११ नंतर आली. हल्ल्याला महिनाही झाला नव्हता. १७ डिसेंबर २००८ ला लोकसभेने आणि दुसऱ्या दिवशी राज्यसभेने दुरुस्ती मंजूर केली. त्यातलं कलम ४३ड(५) सांगतं, की केस डायरी किंवा आरोपपत्र वाचून आरोप सकृद्दर्शनी खरा आहे असं मानायला वाजवी आधार दिसला, तर न्यायालयाने जामीन देऊ नये. शब्द मोक्कापेक्षा सौम्य वाटतात. व्यवहारात मात्र फास इथेच आवळला जातो, कारण पाहायचं काय, तर पोलिसांनी लिहिलेले कागद. आरोपीची बाजू त्या कागदांत असण्याचं कारणच नाही.

२०१९ मध्ये झहूर वटाली यांच्या प्रकरणात हा फास आणखी घट्ट झाला. काश्मीरमधल्या या व्यापाऱ्याला दिल्ली उच्च न्यायालयाने पुरावा तपासून जामीन दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. जामिनाच्या वेळी पुराव्याची चिरफाड करायची नाही, कागद पुढे पुराव्यात ग्राह्य ठरेल का हेही बघायचं नाही, तपास यंत्रणेने मांडलेला पट एकत्रितपणे पाहायचा, असं ठरलं. त्यानंतर कनिष्ठ न्यायालयांच्या हाती जवळजवळ छापील उत्तर आलं : आरोप गंभीर आहे, कागद आहेत, अर्ज नामंजूर.

याचा अर्थ काय होतो, ते भीमा कोरेगाव प्रकरणात वर्नन गोन्सालविस आणि अरुण फरेरा यांच्या बाबतीत दिसलं. दोघांना ऑगस्ट २०१८ मध्ये अटक झाली. त्यांच्याविरुद्ध मुख्य आधार होता तो पत्रांचा. ती पत्रं या दोघांकडे सापडलेली नव्हती, इतर आरोपींच्या संगणकांतून मिळाल्याचं सांगितलं गेलं. त्यांत या दोघांचे उल्लेख होते. शिवाय घरात सापडलेलं साहित्य होतं. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जामीन नाकारला. २८ जुलै २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने कागद पुन्हा वाचले आणि विचारलं, या कागदांना वजन किती? तिसऱ्याच्या पत्रात तिसऱ्याने घेतलेलं नाव ही ऐकीव गोष्ट झाली. घरात पुस्तकं बाळगणं हे दहशतवादी कृत्य होत नाही. पुराव्याचं वरवरचं का होईना, मूल्यमापन केल्याशिवाय आरोप सकृद्दर्शनी खरा आहे असं म्हणता येत नाही. वटाली निकाल न मोडता न्यायालयाने त्यातून वाट काढली. दोघांना जामीन मिळाला. मधल्या काळात तुरुंगातल्या वर्षांची भर पडली होती. जवळपास पाच वर्षं. आणि तेव्हाही खटला आरोपनिश्चितीपर्यंत पोचला नव्हता.

याच प्रकरणातल्या स्टॅन स्वामींना इतकी वर्षं मिळाली नाहीत. त्यांना ऑक्टोबर २०२० मध्ये रांचीहून आणून तळोजा कारागृहात ठेवलं. वयाची ऐंशी ओलांडलेली, पार्किन्सनने हात थरथरत, पेला ओठांपर्यंत नेता येईना. त्यांनी नळी असलेला पेला मागितला, तर त्या अर्जावर उत्तर द्यायला तपास यंत्रणेने वीस दिवसांची मुदत मागितली. मार्च २०२१ मध्ये विशेष न्यायालयाने जामीन नाकारला आणि उच्च न्यायालयात सुनावणी चालू असतानाच ५ जुलैला ते वारले. त्यांच्यावरचा आरोप खरा होता की खोटा, हे आता कोणतंही न्यायालय सांगू शकणार नाही. त्या मृत्यूने महाराष्ट्राला लाज वाटली का? काही सभा झाल्या, काही लेख आले, आणि आपण आपल्या कामाला लागलो.

दुसरी वाट सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये के. ए. नजीब यांच्या प्रकरणात दाखवली. केरळात एका प्राध्यापकाचा हात तोडण्याच्या भयंकर गुन्ह्यातला हा आरोपी. पाच वर्षांहून अधिक काळ तो आत होता आणि २७६ साक्षीदार तपासायचे बाकी होते. तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं, की कलम ४३ड(५) ची अट आपल्या जागी आहे, पण वेळेत खटला चालण्याचा हक्क घटनेच्या कलम २१ ने दिलेला आहे. खटला नजीकच्या काळात संपण्याची शक्यता नसेल आणि संभाव्य शिक्षेचा मोठा भाग भोगून झाला असेल, तर त्या अटीचा कडकपणा विरघळतो. पुरावा काय आहे, हा प्रश्न इथे मागे पडतो. पुढे येतो तो काळाचा प्रश्न.

हाच नियम सर्वांना सारखा लागला असता तर बरं झालं असतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच दोन न्यायमूर्तींनी गुरविंदर सिंग प्रकरणात यूएपीएखाली तुरुंग हा नियम आणि जामीन हा अपवाद असल्याचं म्हटलं. ऑगस्टमध्ये दुसऱ्या दोघांनी जलालुद्दीन खान प्रकरणात याच कायद्याखालीही जामीन हाच नियम असल्याचं म्हटलं. मधल्या जुलैत मुंबईतला बनावट नोटांचा एक खटला आला होता. दोन हजारांच्या ११९३ नोटा, फेब्रुवारी २०२० ची अटक, ८० साक्षीदारांची यादी आणि चार वर्षांत आरोपनिश्चितीही नाही. खटला वेगाने चालवायची ऐपत सरकारकडे नसेल तर गुन्हा गंभीर आहे म्हणून जामिनाला विरोध करू नये, असं न्यायालयाने सुनावलं आणि जामीन दिला. कायदा एक, कलम एक. पण अर्ज कुठल्या पीठापुढे लागला, यावर माणसाची वर्षं ठरतात. याला कायद्याचं राज्य म्हणणं मला जमत नाही.

आता आपल्याकडे वळतो. या कायद्यांमध्ये एक दुसरं वचनही लिहिलेलं आहे, ते कुणी वाचत नाही. मोक्काच्या विशेष न्यायालयातल्या खटल्याला इतर खटल्यांपेक्षा अग्रक्रम द्यावा, असं मोक्का सांगतो. एनआयए कायद्याचं कलम १९ तर खटला रोजच्या रोज चालवायला सांगतं. जामीन कडक ठेवायचा, कारण निकाल लवकर लागणार आहे, असा तो सौदा होता. त्यातला अर्धा भाग आपण काटेकोर पाळतो आणि उरलेला अर्धा सोडून देतो.

आणि तो पाळता येतो, हे याच मुंबईने दाखवलं आहे. कसाबला नोव्हेंबर २००८ मध्ये पकडलं. सहाशेहून अधिक साक्षीदार झाले आणि ३ मे २०१० ला विशेष न्यायालयाने त्याला दोषी ठरवलं. त्याच निकालात दोन भारतीय सहआरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले. देशातल्या सर्वांत मोठ्या हल्ल्यांपैकी एकाचा खटला दीड वर्षात संपतो, तर बाकीचे का संपत नाहीत? कारण तिथे आपल्याला निकाल हवा होता. बाकीच्या ठिकाणी अटकेनेच आपलं भागतं. त्या काळातही कसाबचं वकीलपत्र घेणाऱ्या वकील महिलेच्या घरावर जमाव चालून गेला होता, हे मात्र आपण सोयीने विसरतो.

अटकेवर भागवण्याची किंमत पीडितांनाही मोजावी लागते. जुलै २००६ च्या लोकल गाड्यांमधल्या स्फोटांत पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली. मोक्काखाली खटला चालला, २०१५ मध्ये १२ जण दोषी ठरले, पाच जणांना फाशी झाली. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवलं. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आहे. पण स्फोटांना १९ वर्षं उलटून गेल्यावरही त्या डब्यांत जीव गमावलेल्यांच्या घरच्यांना आपल्या माणसाला कुणी मारलं ते ठाऊक नाही. कोठडीतली वर्षं गुन्हा उलगडत नाहीत.

आरोपपत्र दाखल करायला यूएपीए आणि मोक्का १८० दिवसांपर्यंत मुदत देतात आणि ती चुकली तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. म्हणून तपास यंत्रणा ती मुदत सहसा चुकवत नाही. आरोपनिश्चितीला आणि निकालाला अशी मुदत नाही, चुकल्याचा परिणामही नाही. तो कलमात लिहून घेता येतो : आरोपपत्रानंतर ठरावीक काळात खटला उभा राहिला नाही, तर कडक अट आपोआप गळून पडेल आणि अर्ज साध्या गुन्ह्यासारखा ऐकला जाईल. मोक्का तर आपल्याच विधिमंडळाचा कायदा आहे, दुरुस्तीची सुरुवात इथेच करता येते. मत मागायला येणाऱ्या आमदाराला पाणी, रस्ते आणि आरक्षणाबरोबर हेही विचारलं पाहिजे, की त्याच्या जिल्ह्यातल्या विशेष न्यायालयात मोक्काचे किती खटले आरोपनिश्चितीशिवाय पडून आहेत, तिथे पूर्णवेळ न्यायाधीश आणि सरकारी वकील आहे का, आणि ही मुदत कायद्यात घालण्याचं अशासकीय विधेयक तो मांडणार आहे का.