शेवटचा ग्राफ नको, पहिली ओळ वाचा!

कुणी आपल्याला ज्युपिटर नोटबुक पाठवलं की आपण काय करतो? उघडतो आणि सरळ तळाला जातो. तिथे रंगीत ग्राफ असतो, त्याचा स्क्रीनशॉट प्रोजेक्टमध्ये चिकटवला की विषय संपला. माझं म्हणणं असं, की नोटबुक वाचायची ही पद्धतच चुकीची आहे. विश्लेषण त्या ग्राफमध्ये नसतं. ते वरच्या चार-पाच ओळींत होऊन गेलेलं असतं, आणि तिथे कुणाचं लक्ष नसतं.

उदाहरण आपल्याच गावचं घेऊ. आम्ही माधवनगरकर काय किंवा सांगलीकर काय, पावसाळ्यात सगळ्यांची नजर एकाच आकड्यावर असते : आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. त्यामुळे ‘पाणी तासाला किती चढतं’ हा प्रश्न इथे अभ्यासापुरता नाही. सामान वरच्या मजल्यावर कधी न्यायचं, ते त्यावर ठरतं.

आमच्या डेस्कवरच्या एका सीनियर सहकाऱ्याने या पातळीच्या नोंदींचं नोटबुक तयार केलं होतं. त्यात दोन निष्कर्ष होते. पाणी किती दिवस धोका पातळीवर होतं आणि ते तासाला किती वेगाने चढलं. ते नीट समजून घेणं माझ्याकडे आलं.

पहिली गोष्ट बघायची ती प्रत्येक सेलच्या डावीकडचा चौकटी कंसातला आकडा. कर्नल सुरू झाल्यापासून तो सेल कितव्या क्रमाने चालवला गेला, हे तो सांगतो. इथे वरून खाली क्रम होता `[1]`, `[2]`, `[9]`, `[4]`. म्हणजे तिसरा सेल नंतर पुन्हा चालवलेला, बहुधा काहीतरी बदलून. आणि खालचा ग्राफ `[4]` हा त्याच्या आधीचा. नोटबुकच्या फाइलमध्ये कोड आणि त्याचा आउटपुट वेगवेगळे साठवलेले असतात. कोड बदलला म्हणून जुना ग्राफ आपोआप पुसला जात नाही. समोर दिसणारा कोड आणि त्याखालचं चित्र यांचं नातं तुटलेलं असू शकतं, आणि पानावर तसं कुठेच लिहिलेलं नसतं.

म्हणून आधी फाइलची कॉपी काढायची, म्हणजे जुने आउटपुट तुलनेला राहतात. मग कॉपीत `Restart Kernel and Run All Cells` करायचं. वरून खाली सगळं सलग चाललं आणि आकडे तेच आले, तरच पुढे जायचं. हा किरकोळ हट्ट नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी गिटहबवरची लाखो नोटबुक्स पुन्हा चालवून पाहिली. जेमतेम २४ टक्के विनाअडथळा चालली, आणि पहिल्यासारखाच निकाल देणारी सुमारे ४ टक्केच निघाली!

आमचं नोटबुक चाललं. दिवसांचा आकडा तोच आला. तासाच्या वेगाचा ग्राफ मात्र करवतीच्या दात्यांसारखा निघाला, क्षणात वर, क्षणात खाली. नदी अशी वागत नाही. अशा वेळी कोडवर संशय घ्यायच्या आधी मूळ फाइल उघडायची. सुरुवातीची ओळ साधी होती :

```python
df = pd.read_csv("irwin.csv")
```

गोम इथेच होती. आपल्याकडे पातळी फूट-इंचात सांगतात. ४४ फूट ९ इंच लिहिताना घाईत `44.9` लिहिलं जातं. पुढच्या नोंदी `44.10`, `44.11` आणि मग `45.0`. वाचणाऱ्या माणसाला कळतं, की पाणी दर वेळी एक इंच चढतंय. पायथॉनला टिंब म्हणजे दशांश एवढंच माहीत. त्याच्यासाठी `44.10` म्हणजे ४४.१. त्यामुळे पाणी एक इंच चढलं, तिथे ते जवळपास पाऊण फूट उतरलं असं दिसतं आणि लगेच पुन्हा उसळलेलं दिसतं.

हे ओळखायचं कसं? फाइल मजकूर म्हणून वाचायची आणि टिंबानंतर काय काय येतं ते मोजायचं :

```python
raw = pd.read_csv("irwin.csv", dtype=str)
p = raw["level"].str.split(".", expand=True)
p[1].value_counts()
```

टिंबानंतर फक्त ० ते ११ हेच आकडे दिसले, २५ किंवा ७५ कुठेच नाही, तर ते इंच आहेत. मग इंचांना १२ ने भागून फुटांत मिळवायचं :

```python
raw["feet"] = p[0].astype(float) + p[1].fillna("0").astype(float) / 12
```

आता गंमत बघा. दिवसांचा आकडा या गोंधळातही बरोबर होता! धोका पातळी पूर्ण ४५ फूट आहे. इंच कसेही वाचले तरी ४४ च्या घरातली नोंद ४५ च्या खालीच राहते. एकाच चुकीच्या ओळीतून एक निष्कर्ष सुटला, दुसरा बुडाला. म्हणून ‘नोटबुक बरोबर आहे का’ असं मोघम विचारून काही हाती लागत नाही. प्रत्येक निष्कर्ष कोणत्या गृहीतकावर उभा आहे, ते वेगवेगळं तपासावं लागतं.

एक मर्यादाही सांगते. फाइल मधल्या काळात एक्सेलमध्ये उघडून सेव्ह झाली असेल, तर `44.10` चं आधीच `44.1` झालेलं असतं. मग तो १ इंच की १० इंच, हे कोणताही कोड खात्रीने सांगू शकत नाही. मूळ नोंदी किंवा बुलेटिन शोधणं एवढाच पक्का मार्ग उरतो.

दुसरं गृहीतक त्या `[9]` क्रमांकाच्या सेलमध्ये होतं :

```python
df["level"] = df["level"].ffill()
```

म्हणजे नोंद नसेल तिथे आधीची नोंद पुढे ओढायची. समजा रात्री अकराला ४४ फूट, मध्ये नोंदी नाहीत, आणि पहाटे पाचला ४६ फूट. या ओळीमुळे कृष्णा रात्रभर ४४ वर थांबते आणि पाचच्या ठोक्याला एकदम दोन फूट चढते. पाणी रात्री कधीतरी ४५ च्या वर गेलं, हे सत्य गायब. भरण्याआधी `df["level"].isna().sum()` चालवलं तर किती जागा रिकाम्या होत्या ते कळतं. सलग मोठी खिंडार असेल तर ती ग्राफमध्ये रिकामीच दाखवावी, असं माझं स्पष्ट मत आहे. रिकामी जागा वाचकाला फसवत नाही.

‘डेडलाइनला एवढा वेळ कुणाला आहे?’ हा प्रश्न मला अनेकदा ऐकू येतो. पण एवढी तपासणी सरावाने अर्ध्या तासात होते. आणि निम्मं काम नोटबुक लिहिणाऱ्यानेच करायला हवं. वर एका मार्कडाउन सेलमध्ये तीन गोष्टी लिहाव्यात : डेटा कुठून आणला, एकक कोणतं, रिकाम्या जागांचं काय केलं. आम्ही आता त्याशिवाय नोटबुक घेत नाही. तुमच्या ग्रुप प्रोजेक्टमध्येही हा नियम करा, आणि ज्या नोटबुकमध्ये या तीन ओळी नाहीत, त्यातला ग्राफ कितीही देखणा असला तरी उचलू नका.