विश्लेषण : घरबसल्या टायपिंगचे काम, आणि वर दंडाची नोटीस?

मूर्तिजापूरसारख्या तालुक्याच्या गावात टायपिंगचे सरकारी प्रमाणपत्र घेतलेल्या मुला-मुलींची कमतरता नाही. हाताला मिळणारे काम मात्र कमी. अशा वेळी मोबाइलवर ‘घरबसल्या डेटा एंट्री, नोंदणी शुल्क नाही’ अशी जाहिरात दिसली की विश्वास बसतो. पूर्वी भामटे आधीच अनामत मागायचे. आता अनेक जण सुरुवातीला एक रुपयाही मागत नाहीत. पैसे नंतर, दंडाच्या नावाने वसूल केले जातात.

सापळा कसा रचला जातो?

फोनवरची व्यक्ती आधार कार्ड, फोटो आणि सहीचा नमुना मागते. मग ई-मेलवर स्टॅम्प पेपरसारखा दिसणारा करार येतो. त्यात साधारण अशा अटी असतात : सहा दिवसांत ५०० फॉर्म भरायचे, प्रत्येक फॉर्मचे ४० रुपये, ९० टक्के फॉर्म बिनचूक हवेत. काम अपुरे राहिले किंवा चुकले, तर सॉफ्टवेअरचा खर्च म्हणून सहा-सात हजार रुपये भरायचे. वीस हजारांच्या कमाईपुढे ही शेवटची ओळ कोणी नीट वाचत नाही.

९० टक्के सोपे नाहीत का?

वाटतात सोपे, पण हिशेब मांडून पाहा. समजा, एका फॉर्ममध्ये नाव, पत्ता, पिनकोड, कर्ज क्रमांक असे ३० रकाने आहेत. ५०० फॉर्मचे १५ हजार रकाने होतात. टाइप करणारी व्यक्ती इतकी तरबेज आहे की दोनशे रकान्यांमागे तिची एकच चूक होते. तरीही एकूण ७५ चुका होतात आणि त्या सत्तरेक फॉर्ममध्ये विखुरतात. रकाना एक चुकला तरी अख्खा फॉर्म चुकीचा धरला जातो. म्हणजे बिनचूक फॉर्म सुमारे ४३०, अर्थात ८६ टक्के. काम नापास!

त्यात मूळ चित्रे अंधूक असतात. एखादी जास्तीची स्पेस किंवा स्वल्पविरामही चूक ठरतो. शिवाय तपासणी काम देणाराच करतो आणि चुका कोणत्या, हे दाखवत नाही. हे काम पास होण्यासाठी दिलेलेच नसते.

नोटीस आली तर?

निकालानंतर ‘वकील’ म्हणवणाऱ्याचे फोन सुरू होतात. व्हॉट्सअॅपवर नोटीस येते. आज पैसे भरा, नाहीतर अटक, अशी धमकी मिळते. घरच्यांना कळू नये म्हणून अनेक जण पैसे भरतात. पण एकदा भरले की ‘एनओसी’ आणि ‘कोर्ट फी’ अशा नव्या मागण्या येतात.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. वकिलाची नोटीस म्हणजे न्यायालयाचा आदेश नव्हे. आणि करारातील काम पूर्ण झाले नाही, एवढ्यावरून पोलीस अटक करत नाहीत. तो दिवाणी वाद असतो. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ नुसार करारात दंडाची रक्कम लिहिली असली तरी न्यायालय वाजवी भरपाईच देते. लिहिलेला आकडा ही फक्त कमाल मर्यादा असते.

म्हणून पैसे भरू नयेत. करार, चॅट, फोन नंबर आणि नोटीस यांचे स्क्रीनशॉट ठेवावेत. घाबरून चॅट डिलीट करू नये. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करावा. रक्कम पुढच्या खात्यांत वळण्याआधी तक्रार पोहोचली तर ती गोठवता येण्याची शक्यता असते. लेखी तक्रार cybercrime.gov.in वर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात करता येते. खरोखर न्यायालयाचे समन्स आले तर मात्र दुर्लक्ष करू नये. तालुका विधी सेवा समितीकडे मोफत वकील मागता येतो; महिलांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. याची माहिती १५१०० या क्रमांकावर मिळते.

आधीच कसे ओळखावे?

जाहिरात पाहून कंपनीच्या नावापेक्षा तीन गोष्टी तपासाव्यात. नोंदणीकृत कंपनीचे नावही चोरून वापरता येते. पहिली गोष्ट, काम करणाऱ्याने पैसे भरण्याची अट कुठे आहे का. ती आधी असो की नंतर. दुसरी, चुका कोण मोजणार आणि त्या दाखवणार का. तिसरी, दहा फॉर्म करून त्यांचे पैसे आधी मिळतील का. शेवटच्या प्रश्नावर समोरचा बहुधा फोन ठेवतो.

वकील, दस्तलेखक किंवा डीटीपीवाला पानामागे पैसे देतो. चूक झाली तर पान परत टाइप करून घेतो, फार तर त्या पानाचे पैसे कापतो. काम करणाऱ्याकडून उलट वसुली तो करत नाही. खऱ्या आणि खोट्या कामातला फरक इथेच कळतो.